विषय: सासूबाईंच्या स्टेटमेंटचं अरबी (तातडीचं)

माधुरी:
मंडळी, सासूबाईंचे व्हिसाचे कागद परवा द्यायचेत. भाऊजींनी सांगलीहून बँक स्टेटमेंटचा फोटो पाठवला, त्यात रकान्यांची नावं कापली गेलीत. मागच्याच माणसाकडून अरबी करून घेतलं. आता पेन्शनचे ३८,४०० 'मदीन'खाली दिसतायत आणि काढलेले १२,५०० 'दाइन'खाली. कुणीतरी बघा ना.

शिरीषकाका:
बरोबर आहे. पैसे आले की डेबिट. माधवनगरला दुकानाची कीर्द मीच लिहायचो, बँकेत भरणा केला की बँक खातं डेबिट.

फारूक (मिरज):
काका, ती तुमची वही. स्टेटमेंट ही बँकेची वही, आणि आपण ठेवलेले पैसे हे बँकेचं आपल्याला देणं. म्हणून जमा ते क्रेडिट, म्हणजे दाइन. काढले ते डेबिट, म्हणजे मदीन. शिल्लक म्हणजे रसीद. ही आपली पावती नव्हे.

माधुरी, शिल्लकेवरून ताडून बघा. आधीची १,८४,२५०, नंतरची १,७१,७५०. बारा हजार पाचशेनं घटली, म्हणजे ते मदीन. पुढे २,१०,१५० झाली, तिथे ३८,४०० वाढले, ते दाइन. कापलेल्या फोटोतही हे पक्कं कळतं. मला वाटतं, त्याने तक्ता उजवीकडून मांडताना नावं फिरवली आणि मधल्या दोन रकान्यांचे आकडे जागेवरच राहिले. प्रत्येक ओळ तपासा.

वैशालीताई:
भाषांतराची कामं कागदपत्र उपसमितीकडून जातात, हे गणपतीच्या मीटिंगमध्ये ठरलं होतं. आमच्याकडे न विचारता परस्पर माणूस गाठला की असं होतं. बाबांच्या वेळी लग्नाच्या दाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग पासपोर्टहून वेगळं पडलं आणि सगळं परत आलं. आधी नाव बघा.

शिरीषकाका:
फारूक, मग शिल्लकेपुढे 'सीआर' लिहिलंय ते काय? तेही दाइनच ना?

फारूक:
हो काका, रसीद दाइन. तिथे मदीन पडलं तर खात्यावर ओव्हरड्राफ्ट आहे असा अर्थ निघेल, आणि व्हिसासाठी त्याहून वाईट काही नाही. ते अक्षर गाळू नका. आणि १,८४,२५० चा स्वल्पविराम तिकडे 184,250 असा द्यायला सांगा. आपला लाखाचा स्वल्पविराम तिथल्या माणसाला चुकल्यासारखा दिसतो.

वैशालीताई:
मूळ कागदात आहे तसंच ठेवायचं असतं. स्वल्पविरामसुद्धा.

फारूक:
ताई, आकडा तोच राहतो. पण शिक्का मारणाऱ्या भाषांतरकाराला विचारून करा, सही त्याची आहे.

माधुरी:
खूप आभार. आठव्या ओळीतही उलटंच निघालं. भाऊजी उद्या विश्रामबागच्या शाखेत जाऊन शिक्क्यासह पूर्ण पान आणतायत. ताई, उपसमितीचा फॉर्म आज भरला तर परवापर्यंत होईल का?