दिवाळीचे आठ दिवस आणि रोहनचा टॅक्स (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

वैशाली, बी-३०४: कोणी सांगेल का, रोहन मागच्या सप्टेंबरात दुबईला लागला ना, आता रिटर्न भरायचंय तर तो म्हणतो मी एनआरआय आहे मला फक्त इथल्या पगाराचा टॅक्स. तिकडचा दाखवायचाच नाही असं असतं का?

जोशी काका, ए-१०२: अगं अर्थातच. बँकेनं एनआरई खातं उघडून दिलंय ना त्याला? मग तो एनआरआयच. तिकडचा पगार पूर्ण टॅक्स फ्री. मी ३१ वर्षं बँकेत काढली आहेत.

मंदार, सी-६०१: काका थांबा जरा 🙏 बँकेचं एनआरआय फेमा म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे असतं, नोकरीसाठी विमानात बसला त्या दिवसापासून तो त्यांच्या लेखी अनिवासी. इन्कम टॅक्सचा त्याच्याशी काही संबंध नाही, ते फक्त दिवस मोजतात, १ एप्रिल ते ३१ मार्च इथे किती दिवस होतास एवढंच. काकू रोहन नक्की कोणत्या तारखेला गेला?

वैशाली, बी-३०४: २२ सप्टेंबर २०२५. फ्लाइट रात्री दोनची होती म्हणजे तशी २३ तारीख.

मंदार, सी-६०१: बोर्डिंग पास सोडा, पासपोर्टवर इमिग्रेशनचा शिक्का कधीचा आहे बघा

वैशाली, बी-३०४: २२ चा आहे. अकरा वाजताच आत गेला होता.

मंदार, सी-६०१: मग २२ धरू. एप्रिल ते ऑगस्ट १५३ दिवस, त्यात २२, झाले १७५. नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्या भारतीय माणसाला त्या वर्षी १८२ ची मर्यादा असते, १८२ किंवा जास्त झाले की रेसिडेंट. १७५ म्हणजे सुटला. पण मधे आला होता का तो परत?

वैशाली, बी-३०४: दिवाळीला आला होता की. धनत्रयोदशीला सकाळी उतरला, भाऊबीज करून २५ ला गेला. तू पण भेटलास ना रे खाली फटाके उडवताना

मंदार, सी-६०१: अरे हो 😬 १८ ते २५ ऑक्टोबर, आला तो दिवस आणि गेला तो दिवस दोन्ही धरले की ८. १७५ आणि ८, १८३.

जोशी काका, ए-१०२: येण्याचा दिवस धरत नाहीत असं वाचलंय मी.

मंदार, सी-६०१: तसे ट्रायब्युनलचे निकाल आहेत काका, बरोबर आहे. पण तो एक दिवस काढला तरी १८२ उरतात, आणि कायद्यात शब्द "१८२ किंवा अधिक" असा आहे. म्हणजे तरीही रेसिडेंटच.

वैशाली, बी-३०४: आठ दिवस घरी आला म्हणून???

मंदार, सी-६०१: हो ना. काकू आकडे इथे टाकू नका, मी मनचे घेतो. समजा एप्रिल ते सप्टेंबर इथला पगार ६ लाख आणि तिकडे मार्चपर्यंत १५ लाख. अनिवासी असता तर फक्त ६ लाख धरायचे, त्यातून ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन गेलं, नव्या पद्धतीत चार लाखांपर्यंत शून्य, वरच्या सव्वा लाखावर पाच टक्के आणि सेस, मिळून ६,५०० रुपये. (१२ लाखांपर्यंत टॅक्स नाही म्हणतात ती सवलत रेसिडेंटलाच असते म्हणून हे साडेसहा भरावे लागतात.) रेसिडेंट झाला की जगात कुठेही कमावलेलं सगळं इथे टॅक्सेबल, म्हणजे २१ लाख, डिडक्शन जाऊन सव्वा वीस, त्यावर सेससकट २,१४,५००. फरक २ लाख ८ हजारांचा.

प्रशांत, ए-४०५: आणि दुबईत पगारावर टॅक्सच नाही त्यामुळे क्रेडिट पण घेता येत नाही. जर्मनीत वगैरे असता तर तिथे कापलेला इथे वळता करून मिळाला असता. आम्ही बोटीवाले तर दिवस मोजायला डायरीच ठेवतो, परदेशी जाणाऱ्या बोटीवर सीडीसी या खलाशाच्या पुस्तकातली साइन ऑन साइन ऑफ, म्हणजे बोटीवर चढल्याची-उतरल्याची तारीख चालते, बाकीच्यांना पासपोर्ट.

जोशी काका, ए-१०२: पण दुबईशी आपला डबल टॅक्सेशनचा करार आहे ना? मग तो तिकडचा रेसिडेंट.

मंदार, सी-६०१: त्या करारात यूएईचा रेसिडेंट व्हायला कॅलेंडर वर्षात तिथे किमान १८३ दिवस लागतात. २०२५ मध्ये तो तिथे शंभर दिवससुद्धा नव्हता. जानेवारी ते मार्चचा पगार २०२६ मधे येतो, त्यावर मुद्दा मांडता येईल का ते सीएला कागद दाखवून विचारा, ग्रुपवर मी त्यात पडत नाही.

सेक्रेटरी: उद्या सकाळी ९ ते १ टाकी साफ होणार आहे, पाणी भरून ठेवावे. बी विंगने गच्चीची चावी परत द्यावी.

वैशाली, बी-३०४: चावी माझ्याकडे नाही हो, प्लंबरकडे आहे. मंदार, तो म्हणतोय पगार तिकडच्या खात्यातून एनआरईत येतो आणि एनआरई टॅक्स फ्री असतं

मंदार, सी-६०१: एनआरईवरचं व्याज करमुक्त, ते खरं, आणि त्याला फेमाचं स्टेटस चालतं म्हणून ते या वर्षीही सुटेल. पगार वेगळा. तो कुठल्या खात्यात पडला म्हणून करमुक्त होत नाही. उलट पुढच्या वर्षी तो अनिवासी झाल्यावर सुद्धा पगार थेट इथल्या खात्यात मागवू नये, आधी दुबईच्या खात्यात घ्यावा आणि मग पाठवावा, कारण अनिवासीलाही भारतात पहिल्यांदा मिळालेलं उत्पन्न इथेच टॅक्सेबल असतं, उगाच वाद नको. आणि आयटीआर १ भरू नका, आयटीआर २ घ्या, दुबईचं बँक खातं त्यातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, शेड्यूल एफए मध्ये दाखवावं लागेल. त्यात डिसेंबरअखेरच्या कॅलेंडर वर्षाचे आकडे लागतात, लोक मार्चचे टाकतात.

देशपांडे, डी-२०१: मंदार माझं पण सांग. मी लेकीकडे न्यू जर्सीला २०० दिवस होतो गेल्या वर्षी. इथे फक्त १६५. मग मी एनआरआय? पेन्शन आणि एफडी सुटतील?

मंदार, सी-६०१: नाही काका 😄 १८२ ची सवलत नोकरीसाठी जाणाऱ्याला, किंवा बाहेर राहणारा इथे भेटीला येतो त्याला. तुम्ही राहता इथे आणि फिरायला गेलात, तुम्हाला दुसरी कसोटी, वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५. तुमचे दोन्ही झालेत. रेसिडेंट. आणि पेन्शन नि एफडी इथलीच, एनआरआय असता तरी इथे टॅक्सेबल, वर एनआरओ एफडीच्या व्याजावर ३० टक्के टीडीएस नि सेस. सुखी आहात.

वैशाली, बी-३०४: म्हणजे रोहननं काय करायला हवं होतं तेव्हा?

मंदार, सी-६०१: भाऊबीज करून त्याच रात्री, २३ ला, बारा वाजायच्या आत शिक्का मारून आत गेला असता तर ६ दिवस. १८१.

वैशाली, बी-३०४: त्या दिवशी तिकीट महाग होतं म्हणून मीच २५ चं काढलं 🤦‍♀️ किती जास्त होतं तर साडेचार हजार.

प्रशांत, ए-४०५: काकू आता व्याज वाढायच्या आत भरून टाका, ॲडव्हान्स टॅक्स भरलेला नसेल तर एप्रिलपासून महिन्याला एक टक्का चालू आहे.

जोशी काका, ए-१०२: नवा कायदा आलाय ना १ एप्रिलपासून, त्यात बदललं असेल.

मंदार, सी-६०१: या रिटर्नला जुनाच कायदा काका, आणि नव्यातही १८२ तसेच आहेत. काकू रोहनचा पासपोर्ट स्कॅन करून पर्सनलवर पाठवा, सगळी पानं, कोरी सुद्धा.