स्वप्नात पाणी दिसलं म्हणून कफ प्रकृती? तक्त्यातला हा प्रश्न ठेवावा की काढावा

व्हीनस_कॉर्नर
परवा आयुर्वेदिक प्रकृती परीक्षण करून घेतलं. तक्त्यात एक प्रश्न होता, 'स्वप्नं कशी पडतात?' पर्याय तीन: उडण्याची-पळण्याची, आगीची-उजेडाची, पाण्याची-तळ्याची. मी पाण्यावर खूण केली. माझी अंगकाठी बारीक, हातपाय गार, झोप इतकी सावध की मांजर चाललं तरी जाग येते. तरी निकाल 'वात-कफ' आला. यातला कफ त्या एका खुणेतून आला असं मला वाटतं. माझं मत, हा प्रश्न तक्त्यात नकोच. तुम्ही काय म्हणता?

दसरा_चौक
नको कशाला भावा? असू दे की. माझं बघ, रात्री उशिरा तांबडा रस्सा वरपून झोपलो की हमखास कुठंतरी आग लागलेली दिसते आणि मी पळत सुटलेला असतो. पांढऱ्यावर भागवलं त्या रात्री काय नाही. पित्त वाढलं की स्वप्न पेटतंय, एवढं सरळ आहे. आमच्या घरात मी सोडून कुणाचंच पित्ताचं अंग नाही, आणि कुणालाच असली स्वप्नं पडत नाहीत.

फळा_आणि_खडू
दसरा_चौक, तुमच्या स्वप्नात आग आहे आणि पळणंही आहे. तक्त्याप्रमाणे पळणं वाताच्या रकान्यात जातं. मग खूण कुठे करणार?
आणि रश्शाचं म्हणाल तर उशिरा तिखट-तेलकट खाऊन आडवं झालं की आम्ल वर येतं, छाती जळते, झोप मोडते. स्वप्न चालू असताना झोप मोडली तर ते लक्षात राहतं. न मोडता सकाळपर्यंत झोपलात तर तेच स्वप्न पडूनही तुम्हाला पत्ता लागत नाही. घरातल्या बाकीच्यांना आगीची स्वप्नं पडत नाहीत हे तुम्हाला कसं कळलं? त्यांना आठवत नाहीत, एवढंच तुम्ही सांगू शकता.

दसरा_चौक
मास्तर, पण आगच का दिसावी? पाणी का दिसू नये?

फळा_आणि_खडू
हा प्रश्न चांगला आहे. 1958 साली अमेरिकेत डिमेंट आणि वोल्पर्ट यांनी झोपलेल्या माणसांच्या अंगावर स्वप्न चालू असताना पाण्याचे तुषार मारले आणि थोड्या वेळाने त्यांना उठवून विचारलं. सगळ्यांच्या नाही, पण बऱ्याच जणांच्या स्वप्नात पाऊस, गळकं छप्पर असं काहीतरी शिरलेलं होतं. म्हणजे अंगाला जे जाणवतं ते स्वप्नात घुसू शकतं. छातीतली जळजळ आग होऊन आली असेल तर मला नवल वाटणार नाही. पण ती त्या रात्रीच्या जेवणाची गोष्ट झाली. त्यावरून माणसाची जन्माची प्रकृती ठरवणं ही फार लांबची उडी आहे.

साधना_वैद्य
मी इथे कोल्हापुरातच प्रॅक्टिस करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तक्त्यातले तीन पर्याय हवेतून आलेले नाहीत. सुश्रुतसंहितेत शारीरस्थान नावाच्या भागात, चौथ्या अध्यायात प्रकृतींची वर्णनं आहेत. वाताचा माणूस झोपेत गडबडीने आकाशातून जातो. पित्ताच्याला सोनं, पळस, अग्नी, वीज, उल्का दिसतात. कफाच्याला कमळं, हंस, चक्रवाक आणि सुंदर तळी. वाग्भटानेही जवळपास हेच सांगितलं आहे, फक्त वाताला डोंगर आणि झाडं जोडली आणि कफाला ढग.

आता चरक बघा. विमानस्थानात आठव्या अध्यायात त्याने प्रकृती तपशिलाने दिली आहे: बांधा, केस, चाल, आवाज, भूक. त्या यादीत स्वप्नं नाहीत. स्वप्नांचा मोठा विचार तो इंद्रियस्थानात करतो, जिथे रोगाची आणि मृत्यूची पूर्वचिन्हं चालली आहेत. तिथे तो स्वप्नांचे सात प्रकार करतो. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, मनात इच्छा धरलेलं, कल्पनेतलं, पुढे घडणाऱ्याची चाहूल देणारं, आणि सातवं दोषांमुळे पडलेलं. यातले पहिले पाच वैद्याने निष्फळ समजावेत, असं तो स्पष्ट सांगतो.

म्हणजे 'पाणी दिसतं का?' एवढं विचारून खूण करणं हे ग्रंथालाही धरून नाही. आधी पाच प्रकार गाळायचे, मग उरलेलं बघायचं. व्हीनस_कॉर्नर, तुम्ही राहता कुठे हे नावातच आहे. पाण्याची स्वप्नं 2019 च्या पुराच्या आधी पडत होती का? आणि पाणी कसं असतं?

व्हीनस_कॉर्नर
आधी नाही पडायची. त्या ऑगस्टमध्ये आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं होतं. स्वप्नात तेच असतं: जिन्याच्या एकेक पायरीवर गढूळ पाणी चढतंय, गाडी खालीच राहिलीय, आणि मी वर ओरडून सांगतोय पण आवाज फुटत नाही. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 43 फुटांच्या धोक्याच्या खुणेकडे जायला लागली की जास्त पडतं. लहानपणी मात्र सारखा कड्यावरून पडायचो, किंवा जमिनीपासून हातभर वर तरंगत शाळेला जायचो.

साधना_वैद्य
मग हिशेब मांडू. पुराचं स्वप्न हे पाहिलेलं आणि अनुभवलेलं, म्हणून बाद. ते बाद नसतं केलं तरी कफाचं झालं नसतं, कारण ग्रंथातलं पाणी मनाला सुखावणारं आहे, कमळांचं, पक्ष्यांचं. जीव मुठीत धरून बघितलेलं गढूळ पाणी त्यात बसत नाही. उरलं लहानपणापासूनचं तरंगणं आणि पडणं. ते तुमच्या बारीक अंगाशी आणि सावध झोपेशी जुळतं. मी तुम्हाला वाताकडे झुकलेले म्हटलं असतं. तक्ता भरून घेणाऱ्याने 'पाणी' हा शब्द बघितला, स्वप्न बघितलं नाही.

फळा_आणि_खडू
वैद्यबाई, चाळणी मला आवडली, खरंच. पण तिच्यातच गोची आहे. या माणसाचं शरीर वाताचं आहे हे तुम्हाला पहिल्या पोस्टपासून माहीत होतं. मग पाण्याचं स्वप्न 'अनुभवलेलं' म्हणून बाहेर गेलं आणि तरंगण्याचं 'दोषाचं' म्हणून आत आलं. हाच माणूस गुटगुटीत असता तर? 'लहानपणी पतंग उडवायचा, म्हणून तरंगणं हे कल्पनेतलं' असं म्हणून तेही गाळता आलं असतं. उडणं, पडणं, कुणीतरी पाठी लागणं ही स्वप्नं जगभर, सगळ्या अंगकाठीच्या माणसांना पडतात.
दुसरं म्हणजे, स्वप्नाचा प्रश्न तक्त्यातच असेल तर त्या तक्त्याच्या निकालावरून 'वाताच्या लोकांना उडण्याची स्वप्नं पडतात' हे सिद्ध करता येत नाही. उत्तर आधीच पेरलेलं आहे.

जुना_बुधवार_पेठ
मधेच विचारते, माफ करा. माझे सासरे 68 वर्षांचे आहेत. गेलं वर्षभर झोपेत लाथा मारतात, ओरडतात, एकदा सासूबाईंच्या तोंडावर हात बसला. उठवलं तर म्हणतात चोर मागे लागला होता. हे वाताचंच ना? रोज रात्री तळपायाला तेल चोळते, फरक नाही.

रात्रपाळी
ताई, याला प्रकृतीच्या चर्चेत अडकवू नका. स्वप्नाच्या झोपेत अंगाचे स्नायू शिथिल पडलेले असतात, म्हणून आपण स्वप्नात पळालो तरी पाय हलत नाहीत. ती पकड सुटली की माणूस स्वप्न अंगाने करायला लागतो. उतारवयात, विशेषतः पुरुषांत, हे पार्किन्सनसारख्या आजाराच्या कितीतरी वर्षं आधी दिसू शकतं. प्रत्येकाला तो होतोच असं नाही, आणि काही गोळ्यांमुळेही असं होतं. न्यूरोलॉजिस्टना दाखवा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्या. तोवर पलंगाजवळचं काचेचं, टोकदार काही असेल ते हलवा आणि सासूबाईंना वेगळं झोपू द्या.

साधना_वैद्य
अगदी हेच मी सांगितलं असतं. तेल चोळायला हरकत नाही, पण त्यासाठी थांबू नका.

मास्तर, तुमचा पहिला मुद्दा मान्य. गाळणी शरीर बघायच्या आधी लागली पाहिजे. दुसरा अर्धा मान्य. प्रकृती जन्मापासूनची आणि न बदलणारी मानली आहे, त्यामुळे तिच्या नावावर टाकायचं स्वप्नही तेवढंच जुनं हवं: लहानपणापासून येणारं, ऋतू, जेवण, घरातला ताण बदलला तरी टिकणारं. गेल्या महिन्यातलं स्वप्न फार तर आज काय बिघडलंय ते सांगेल. दसरा_चौक यांचा रस्सा त्यातला, तो पित्त वाढल्याचा पुरावा असू शकेल, पित्त प्रकृतीचा नाही. मी स्वप्नाचं शेवटी विचारते आणि एकट्या त्यावरून काही ठरवत नाही. पण काढून टाकायला मी तयार नाही. असं जुनं, टिकाऊ स्वप्न सांगणारे कमी भेटतात. जे भेटतात त्यांचं बहुधा जुळतं.

मिसळ_आणि_पाव
साप दिसला तर कुठला दोष?

दसरा_चौक
श्रावणात दिसला तर नागपंचमीचा दोष 😄
मास्तर, पित्ताचं अंग मी सोडत नसतोय. जन्माचं का कालचं ते तुम्ही बघा.

फळा_आणि_खडू
'बहुधा जुळतं' हेच तपासूया. तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी जे तयार होतील त्यांची लहानपणापासूनची स्वप्नं कुणा तिसऱ्याने लिहून घ्यावीत. कुठलं स्वप्न बाद ते त्यानेच, माणसाचा बांधा न बघता ठरवावं. तुम्ही प्रकृती ठरवा, पण स्वप्नाचा चकार शब्द न विचारता. मग दोन्ही कागद शेजारी ठेवू. तिन्ही रकान्यांत नुसत्या नशिबाने जेवढं जुळेल त्यापेक्षा स्पष्ट जास्त जुळलं तर मी इथेच येऊन तुमच्या बाजूने लिहीन.

साधना_वैद्य
करू. एक अडचण आत्ताच सांगते. चरकाने म्हटलंय की फार गाढ न झोपलेला माणूस स्वप्नं बघतो. कफाची माणसं गाढ झोपतात. त्यांच्यातले कितीतरी जण 'मला स्वप्नंच पडत नाहीत' म्हणतील. हंस आणि कमळं सांगणारं कुणी मला अजून भेटलेलं नाही, रंकाळा तलावावर रोज फिरायला जाणारेही नाही.

व्हीनस_कॉर्नर
मग कफाच्या रकान्यात काय लिहायचं?

साधना_वैद्य
काही न आठवणं हेही एक लक्षण धरता येईल का, असा विचार करतेय.

फळा_आणि_खडू
रिकामा रकाना कफाच्या खात्यात जमा करणार असाल तर मी या कामात नाही. ते आधी ठरवा, मग कागद छापू.