संपर्कापूर्वी माणसांचा नकाशा: शिफारस कोणाची, मंजुरी कोणाची?

हवागळती (धागाकर्ता)
आम्ही कारखान्यांतील कॉम्प्रेस्ड हवेची गळती सतत मोजणारी यंत्रणा विकतो. एका प्लांटसाठी किंमत साधारण १४ लाख रुपये पडते. चाकणमधील वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आमच्या डोळ्यांसमोर आहे. ती परदेशी गटाची असून शेअर बाजारात नोंदलेली नाही. पहिला संपर्क साधण्याआधी तिथे कोणाच्या शब्दाला वजन आहे आणि पैसा कोणाच्या हातात आहे, हे बाहेरून कितपत कळू शकते? की आधी फोन करावा आणि मग पाहावे?

मिरजेचा_विक्रेता
माझ्या मते हा नकाशा म्हणजे फोन टाळण्याचे सभ्य निमित्त आहे. आमच्या भागातील फौंड्र्यांमध्ये चेकवर सही मालकाची असते, त्यामुळे मी थेट मालकालाच गाठतो. मेंटेनन्सच्या माणसापासून सुरुवात केली की तो डेमो पाहतो, चहा पाजतो आणि ‘वर बोलतो’ असे सांगून मोकळा होतो.

दुसरी_पाळी
मालकाच्या कारखान्यापुरते आपले म्हणणे बरेचसे बरोबर आहे. तरीही तो मालक आपली पाठ फिरताच मेंटेनन्सच्या माणसाला ‘हे चालेल का?’ असे विचारतो, आणि त्याचा नकार आपल्याला कधीच ऐकू येत नाही. धागाकर्त्यांची कंपनी मात्र वेगळ्या जातीची आहे. मी अशाच एका प्लांटचा कारभार अनेक वर्षे पाहिला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पदनामावरून सुरुवात करू नका. आपल्या वस्तूचा फायदा हिशेबाच्या कोणत्या खात्यात दिसेल, तिथून सुरुवात करा. ११० किलोवॅटचा कंप्रेसर वर्षाला ६,००० तास पूर्ण भारावर चालतो असे धरले, तर ६ लाख ६० हजार युनिटे होतात. त्यातला पाचवा हिस्सा गळतीत जात असेल आणि आपण तो निम्म्यावर आणला, तर ६६,००० युनिटे, म्हणजे ९ रुपये दराने वर्षाला सुमारे ६ लाख रुपये वाचतात. हे पैसे विजेच्या बिलात वाचतात, आणि ते बिल बहुधा प्लांट हेडच्या खर्चात मोडते. गळत्या बुजवण्याचे काम, फिटिंगचा खर्च आणि बंद काळाची बोलणी मात्र मेंटेनन्स प्रमुखाच्या वाट्याला येतात. म्हणजे ज्याच्या शिफारशीवाचून गाडी हलणार नाही, त्याच्या खात्यात फायद्याचा एक रुपयाही जमा होत नाही. तो उत्साहाने डेमो पाहतो आणि पुढे खरेदीच्या मागणीचा इंडेंट काढत नाही, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

आता बाहेरून काय कळते ते पाहू. कंपनी नोंदलेली नसली तरी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संचालकांची नावे दिसतात आणि शुल्क भरून वार्षिक विवरणपत्रे पाहता येतात. बहुतेक संचालक परदेशी गटाचे असतील, तर मोठ्या भांडवली खर्चाची मंजुरी भारताबाहेर जात असावी, असा अंदाज बांधता येतो. तो अंदाजच असतो. त्याहून उपयोगी पडतात त्या कंपनीच्या नोकरीच्या जाहिराती. प्लांटच्या वित्त अधिकाऱ्याच्या जाहिरातीत तो प्लांट हेडच्या हाताखाली आहे की मुख्यालयातील वित्तप्रमुखाच्या, हे बऱ्याचदा स्पष्ट लिहिलेले असते. तो मुख्यालयाला उत्तरदायी असेल, तर प्लांट हेडचा होकार हा अर्धाच होकार समजावा.

नकाशात प्रत्येक नावापुढे ‘हे कुठून कळले’ असा एक रकाना ठेवा. लिंक्डइनवरील ‘हेड’ या शब्दावरून काढलेला निष्कर्ष आणि जुन्या पुरवठादाराने सांगितलेली गोष्ट एकाच शाईत लिहिली, की पंधरा दिवसांनी दोन्ही सारख्याच खऱ्या वाटू लागतात.

पालिकेचा_पुरवठादार
आम्ही महानगरपालिकांना पंप पुरवतो. निविदा निघाली की सर्वांत कमी दराला काम मिळते. तिथे माणसे हुडकत बसलो तर उलट संशय यायचा. हा सगळा खटाटोप कशासाठी, ते समजले नाही.

दुसरी_पाळी
प्रश्न खासगी कंपनीचा आहे. मात्र सरकारी संस्थेत तर हा नकाशा आयता मिळतो: माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार अधिकाऱ्यांचे अधिकार आणि कर्तव्ये संस्थेने स्वतःहून प्रसिद्ध करायची असतात. खासगी कंपनीचा आर्थिक अधिकारांचा तक्ता असा बाहेर येत नाही, म्हणूनच अंदाज बांधावा लागतो.

तीन_कोटेशने
मी एका उत्पादक कंपनीच्या खरेदी विभागात काम करते. विक्रेत्यांचे हे नकाशे आम्हाला पलीकडून दिसतात, आणि ते बहुतेक वेळा एका जागी चुकतात. ‘पैसे कोणाचे’ याला एकच उत्तर आहे असे ते धरून चालतात. हे उत्तर आपण किंमत कशी मांडता त्यावर बदलते. १४ लाखांचे यंत्र म्हणून आलात, तर तो भांडवली खर्च होतो आणि वार्षिक अंदाजपत्रकात आधी तरतूद नसेल तर पुढच्या वर्षावर जातो. हीच गोष्ट मासिक शुल्काची सेवा म्हणून आली, तर ती चालू खर्चात बसून प्लांट हेडच्या मर्यादेत राहू शकते. तेव्हा आधी मांडणी ठरवा. माणूस त्यावरून ठरेल.

आणखी एक. वित्तवाले वर दिलेला हिशेब तसाच मान्य करणार नाहीत. स्थिर गतीचा कंप्रेसर हवा न भरता नुसता फिरत असला तरी बऱ्यापैकी वीज खातो. त्यामुळे हवा जितकी वाचली तितकी वीज वाचली असे होत नाही. हा प्रश्न विचारणारा माणूस आपल्या नकाशात नसेल, तर नकाशा अपुरा आहे.

मिरजेचा_विक्रेता
मग सोपे झाले की! १४ लाखांचे साडेतीन-साडेतीन लाखांचे चार तुकडे करा आणि प्लांट हेडकडूनच सह्या घ्या. वर जायचेच कशाला?

तीन_कोटेशने
कृपया असे करू नका. मंजुरी टाळण्यासाठी खरेदीचे तुकडे पाडणे आमच्या नियमांत स्पष्टपणे निषिद्ध आहे. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ मध्येही तशीच मनाई आहे. अंतर्गत लेखापरीक्षणात एकाच पुरवठादाराच्या लागोपाठच्या ऑर्डरी सहज उठून दिसतात, आणि उत्तर त्या प्लांट हेडला द्यावे लागते. खरी मासिक सेवा वेगळी आणि सोयीसाठी चिरलेले यंत्र वेगळे.

हवागळती (धागाकर्ता)
सेवेच्या मांडणीवर आम्ही विचार करू. पण पहिला संपर्क नेमका कोणाशी करावा? मेंटेनन्स प्रमुखाशी बोलून वर गेलो तर तो अडवेल आणि प्लांट हेडला आधी लिहिले तर मेंटेनन्स प्रमुख दुखावेल, अशी दोन्हीकडून भीती वाटते.

दुसरी_पाळी
मी मेंटेनन्स प्रमुखापासून सुरुवात करीन, पण डेमो देण्याआधी त्याला एवढेच विचारीन: ‘मागच्या वेळी आपण असे एखादे मोजमापाचे उपकरण घेतले, तेव्हा इंडेंट कोणी काढला आणि मंजुरी कुठपर्यंत गेली?’ ‘निर्णय कोण घेतो?’ या प्रश्नाला प्रत्येक जण ‘मीच’ म्हणतो; झालेल्या खरेदीबद्दल मात्र माणूस खरे सांगतो. त्याला ते आठवत नसेल, तर तो मंजुरीच्या साखळीत नाही असे मी धरतो. त्यानंतर वीजबिलाचा हिशेब घेऊन प्लांट हेडला भेटायचे, आणि तेही मेंटेनन्स प्रमुखाला सोबत घेऊनच.

तीन_कोटेशने
इथे माझे मत वेगळे आहे. आमच्याकडे प्लांट हेडने स्वतः खाली पाठवलेल्या पत्राची दखल घेतली जाते, आणि खालून वर जाणारा प्रस्ताव उत्पादनाच्या घाईत महिनोन्महिने पडून राहतो. मी दोघांना एकाच दिवशी, एकमेकांचा उल्लेख करून, पण वेगवेगळ्या मजकुराचे पत्र पाठवायला सांगीन: एकाला गळतीच्या जागांबद्दल, दुसऱ्याला बिलाबद्दल.

दुसरी_पाळी
आपल्या कंपनीत तसे चालत असेल. माझ्या प्लांटमध्ये असे पत्र आले असते, तर मेंटेनन्स प्रमुखाने दुसऱ्याच दिवशी ‘आपण गळती दर रविवारी तपासतो’ असे मला लिहून दिले असते, आणि मीही ते मान्य करून विषय बंद केला असता.