मदत हवी आहे: आतून इन्सुलेटेड पोकळ सिलिंडर, कूलिंगसाठी h किती धरू?

स्टेनलेस स्टीलची जाड नळी आहे, आतली त्रिज्या 10 मिमी, बाहेरची 20, लांबी 1 मीटर, करंटमुळे धातूतच सगळीकडे सारखी उष्णता तयार होते, q = 5×10⁶ W/m³, k = 15 W/mK. आतून पूर्ण इन्सुलेशन, बाहेरून पाणी, 30 डिग्रीला आत येतं. नळी कुठेच 80 च्या वर जायला नको. स्टेडी स्टेट, k स्थिर, टोकांकडून जाणारी उष्णता सोडून दिलीय.

आतून उष्णता बाहेर पडत नाही म्हणजे तिथे स्लोप शून्य, म्हणून सगळ्यात गरम जागा आतलाच पृष्ठभाग, इथपर्यंत ठीक आहे ना. मग हे वापरलं:

```
T1 - T2 = q/(4k)*(r2^2 - r1^2) - q*r1^2/(2k)*ln(r2/r1)
```

आधी लॉगवाली टर्म विसरलो तर 25 डिग्री आले, ती घातल्यावर 13.45. सपाट भिंत धरून 16.7 येतात, त्यामुळे 13.45 पटतंय. म्हणजे बाहेरचा पृष्ठभाग 66.5 पर्यंत चालेल. एकूण उष्णता 4712 W, बाहेरचा फ्लक्स 37500 W/m², तर h साधारण 1030 W/m²K.

पण पाणी मिनिटाला 13.5 लिटरच मिळणार, म्हणजे ते 5 डिग्रीने तापून 35 ला बाहेर पडतं, आणि 35 धरलं तर h थेट 1190 लागतो. सर म्हणतात सरासरी 32.5 घे, पण मग बाहेर पडायच्या टोकाला नळी 80 ओलांडणार नाही का? h पूर्ण लांबीभर सारखाच धरायचा असेल तर 35 च घ्यायचं ना?