मदत हवी आहे : मे महिन्यातलं दुपारचं लग्न, इरकलवर ब्लाउज कोणत्या रंगाचा?

मैत्रिणींनो, नणंदेच्या मुलीचं लग्न खानापुरात आहे. अक्षता दुपारी साडेबाराला, मांडव पत्र्याचा. म्हणजे घामाचं काही विचारूच नका!

साडी ठरलीय. शेवाळी हिरवी सुती इरकल, पदर नेहमीसारखा लाल-पांढरा टोपतेनीचा. अडलंय ब्लाउजवर. माझ्याकडे दोन पीस आहेत : एक गुळेदगुड्डचा खण, गडद मरून, दुसरा साधा सुती, फिका मोतिया.

मोतिया उन्हात छान उठून दिसतो, पण मागच्या वर्षी अशाच फिक्या पिस्ता रंगाच्या ब्लाउजवर काखेत ओले डाग पडले आणि फोटोभर मी हात खाली धरून उभी! मरूनवर घाम दिसत नाही, शिवाय खणाच्या बुट्ट्यांत ओल लपते. पदराच्या लालाशी तो जुळतोही. पण हिरवा आणि मरून दोन्ही गडदच, लांबून सगळं एकच काळपट तर दिसणार नाही ना? खिडकीपाशी भर दुपारी फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट केला, तर साडी-ब्लाउज जवळजवळ एकाच करड्या रंगात गेले. म्हणून मोहरी पिवळा घ्यावा असंही मनात येतंय. सासूबाई म्हणतात, "खणच घाल गं."

अजून एक. ओला पांढरा रुमाल खणावर घासला तर थोडा लाल लागला. घामाने साडीवर रंग उतरेल का? अस्तर मलमलचं लावलं तर थांबेल? शिंप्याकडे शनिवारपर्यंत द्यायचंय.