मदत हवी आहे: दोऱ्यातली थरथर तिसरीच्या मुलांना कशी दाखवू?

काल वर्गात कागदी कप आणि पाच मीटर सुती दोरा घेऊन फोन केले. दोरा ताणलेला असताना कुजबुजही ऐकू आली. सैल सोडला किंवा मध्येच घट्ट चिमटीत धरला की आवाज गुल! चिमटीत धरणारी एक मुलगी म्हणाली, "बाई, बोटाला गुदगुल्या होतात." मला हवं होतं ते नेमकं हेच. पण बाकीच्यांना वाटतं, नळीतून पाणी जातं तसा आवाज दोऱ्याच्या आतून वाहतो.

मी विचारलं, "सैल दोऱ्यात काय बदललं?" उत्तर एकच: "ऐकू नाही आलं." कपाच्या तळावर रवा टाकून पाहिला, पण बोलण्याने तो हलताना दिसला नाही. थरथर डोळ्यांना दिसेल असं काय करता येईल? आणि उत्तर न सुचवता मुलांना दोऱ्याकडे बघायला लावतील असे निरीक्षणाचे दोन-तीन प्रश्न कुणी सुचवाल का? पुढचा तास सोमवारी आहे.