पगाराचे तास आणि हजेरी मशीनचे पंच जुळत नाहीयेत, मदत हवी आहे

नाईट शिफ्टवाल्या एका कामगाराने तास कमी धरलेत म्हणून तक्रार केली, म्हणून मी मशीनमधला कच्चा पंच डेटा काढून हाताने बेरीज केली तर २४ शिफ्टचे १९८ तास येतात आणि पगारात धरलेत १८४, म्हणजे १४ तास गायब.

आधी एक्सेलमध्ये रात्री १२ ओलांडल्यामुळे वजा उत्तर येत होतं, ते या फॉर्म्युल्याने सुटलं:

```
=MOD(B2-A2,1)*24
```

मग एकेक दिवस शेजारी ठेवून बघितला. इन २१:५३ असेल तर सिस्टीम २२:०० धरते आणि आउट ०६:०८ चं ०६:०० करते, दोन्हीकडे कामगाराचंच नुकसान, असं २३ शिफ्टमध्ये मिळून ५ तास ४५ मिनिटं गेली. उरलेले सव्वाआठ तास मात्र एकाच शिफ्टचे आहेत, ३० तारखेची रात्र. इन ३० ला, आउट १ तारखेला, म्हणजे पुढच्या महिन्याच्या फाईलमध्ये, त्यामुळे इकडे आउट नाही म्हणून शून्य तास आणि तिकडे इन नाही म्हणून तो पंचच टाकून दिलेला. अशी शिफ्ट दोन्ही महिन्यांत कुठेच दिसत नाही, हे मला जास्त लागलंय, कारण बाकीच्या नाईटवाल्यांचंही असंच झालं असणार.

तुम्ही शिफ्ट कोणत्या तारखेला धरता, इनच्या का? डेटा काढताना एक दिवस पुढचा घेतला तर तोच पंच दोनदा मोजला जाऊ नये म्हणून काय करता? आणि राउंडिंग प्रत्येक पंचला ठेवता की दिवसाच्या एकूण तासांवर?